इमारतीच्या फोटोतून एसी, पाइप आणि मीटरची पेटी काढताना: तुकडा कुठून घ्यायचा, सांधा कुठे द्यायचा

नवशिक्याला वाटतं की एसीचं आउटडोअर युनिट पुसणं हेच काम आहे. पुसायला दहा सेकंद लागतात. त्या जागी काय बसवायचं, तो तुकडा इमारतीच्या कुठल्या भागातून उचलायचा आणि त्याची कड कुठे लपवायची, यातच सगळा वेळ जातो. फोटो खोटा वाटतो तोही बहुतेक वेळा इथेच.

उदाहरणासाठी ठाण्यात घोडबंदर रोडला असतात तशी एक इमारत घेऊ. खाली स्टिल्ट पार्किंग, वर सात मजले, समोरच्या बाजूला दर मजल्यावर चार खिडक्या, म्हणजे एकूण अठ्ठावीस. इमारत तयार आहे, लोक राहायला आले आहेत, काही फ्लॅट विकायचे बाकी आहेत आणि बिल्डरला ब्रोशरच्या मुखपृष्ठावर हाच फोटो हवा आहे. समोर अकरा आउटडोअर युनिट दिसतात. त्यातली आठ खिडकीखालच्या साध्या भिंतीवर लोखंडी अँगलवर बसवलेली आहेत आणि तीन खिडकीच्या काचेवर किंवा ग्रिलवर आलेली आहेत. वरून खालपर्यंत दोन डाउनटेक पाइप उतरतात आणि स्टिल्टमध्ये, प्रवेशाच्या शेजारच्या भिंतीवर, मीटरची मोठी पेटी आहे. हे काम फोटोशॉपमध्ये करायचं आहे.

आधी ठरवा: काय काढायचं आणि काय नाही

रहिवाशांनी नंतर लावलेल्या गोष्टी काढायला हरकत नसते: आउटडोअर युनिट, त्याची कॉपरची नळी, ड्रेनची पाइप, डिशचा अँटेना, खिडकीत वाळत घातलेले कपडे. डाउनटेक पाइप मात्र इमारतीचाच भाग आहेत, आणि फ्लॅट घेणाऱ्याला ते प्रत्यक्षात दिसणारच आहेत. रेरा कायदा, 2016 च्या कलम 12 नुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या माणसाचं नुकसान झालं, तर प्रवर्तकावर भरपाईची जबाबदारी येते. म्हणून पाइप काढायचे असतील तर बिल्डरकडून ते लेखी घ्या, ईमेलसुद्धा चालेल, आणि फोटोखाली बारीक अक्षरात 'छायाचित्रात बदल केले आहेत' ही ओळ टाकायला सांगा. आगीच्या पाण्याची लाल पाइप आणि गॅसची पाइपलाइन आम्ही तशीच ठेवतो. भिंतीतल्या भेगा आणि ओल झाकायचं काम कोणी सांगितलं तर नाही म्हणावं. तो फोटो सुधारण्याचा प्रकार नाही.

फोटो काढतानाच अर्धं काम

फोटो तुम्हीच काढणार असाल तर पावसाळ्यातली उघडीप किंवा पातळ ढगांचा दिवस निवडा. कडक उन्हात प्रत्येक युनिटची, अँगलची आणि पाइपची सावली भिंतीवर पडते. मग अकरा वस्तूंऐवजी बावीस काढाव्या लागतात. मुख्य फ्रेमनंतर तिथेच उभं राहून, त्याच उजेडात, लांब लेन्सने प्रत्येक मजल्याचे जवळचे फोटो काढून ठेवा. काचेचा किंवा ग्रिलचा एखादा भाग मुख्य फोटोत कुठेच मोकळा मिळाला नाही तर ते उपयोगी पडतात. रस्त्यावरच्या वायरी समोर येत असतील तर दोन पावलं बाजूला सरकून आणखी एक फ्रेम घ्या. वायर सरकते, भिंत जवळपास जागेवर राहते, आणि वायरीमागची खरी भिंत हाती लागते. एसीला हा उपाय चालत नाही, कारण तो भिंतीलाच चिकटलेला असतो.

आता आकाराचा अंदाज घ्या. चोवीस मेगापिक्सेलच्या उभ्या फोटोत ही इमारत साधारण 3600 पिक्सेल उंच येते असं धरू. आठ पातळ्या, प्रत्येकी तीन मीटरच्या आसपास, म्हणजे चोवीस मीटर. एका मीटरला 150 पिक्सेल. दीड टनाचं युनिट साधारण ऐंशी सेंटिमीटर रुंद असतं, म्हणजे 120 पिक्सेल. 110 मिलिमीटरचा डाउनटेक पाइप 16 पिक्सेल. कडेच्या कापासाठी तीन-तीन मिलिमीटर जास्तीचे धरले तर A4 च्या पानाला 300 पिपिआयवर 2551 गुणिले 3579 पिक्सेल लागतात. म्हणजे इमारत पानभर छापली तर ती जवळपास आहे त्याच मापात छापली जाणार आहे, आणि 100 टक्के झूमवर जे दिसतं ते कागदावरही दिसणार आहे. फोटो वर्तमानपत्रात दोन कॉलमांत जाणार असता तर एवढी मेहनत लागली नसती.

पहिली पायरी: इमारत सरळ करा

खालून वर कॅमेरा धरला की इमारत वरच्या बाजूला निमुळती होते. तुकडे हलवायच्या आधी ती सरळ करणं भाग आहे, नाहीतर प्रत्येक तुकडा वेगळ्या कोनात वळवावा लागेल. `Filter > Camera Raw Filter` मध्ये Geometry उघडा आणि Upright साठी Vertical निवडा. मग डावी आणि उजवी कड गाइडलाइन लावून तपासा. मजल्यांचे पट्टे आडवे आहेत का तेही पाहा, कारण पुढे तुकडे बाजूला सरकवताना त्याच रेषा जुळवायच्या आहेत.

यात एक तोटा आहे, तो लक्षात ठेवा. वरचा निमुळता भाग ताणला जातो, त्यामुळे वरचे मजले खालच्यांपेक्षा किंचित मऊ दिसतात. म्हणून सातव्या मजल्याचा तुकडा पहिल्या मजल्यावर लावला तर तो धूसर वाटतो. उलट, खालचा तुकडा वर लावला तर जास्त धारदार वाटतो, पण त्याला 0.3 ते 0.5 पिक्सेलचा Gaussian Blur देऊन जुळवता येतं. धूसर तुकडा धारदार करणं त्यापेक्षा कितीतरी कठीण.

मूळ लेयरला हात लावू नका. प्रत्येक प्रकारच्या दुरुस्तीसाठी वेगळा लेयर ठेवा: खिडक्या, एसी, पाइप, मीटर. 'तिसऱ्या मजल्याचा एसी राहू दे, तो आमच्या चेअरमनचा आहे' असं सांगणारा फोन येतोच.

तुकडा कुठून घ्यायचा

खिडकीवर आलेली तीन युनिटं सर्वांत अवघड, म्हणून तिथूनच सुरुवात करा. अशा ठिकाणी एसी पुसून मागची खिडकी रंगवण्यात अर्थ नाही. दुसरी मोकळी खिडकी आख्खीच उचलून आणायची.

अठ्ठावीस खिडक्या सारख्याच दिसतात, पण त्या सारख्या नसतात. कॅमेरा जमिनीवर आहे. दुसऱ्या मजल्यावर छज्जाचा खालचा भाग जेमतेम दिसतो, सहाव्या मजल्यावर तो चांगलाच दिसतो आणि खिडकीचा खालचा काही भाग खिडकीखालच्या कडेमागे झाकला जातो. इमारत सरळ केली तरी हा फरक जात नाही, कारण तो रेषांचा फरक नाही. कॅमेऱ्याला त्या जागेवरून खरोखर वेगळं काही दिसलेलं असतं. दुसऱ्या मजल्याची खिडकी सहाव्यावर लावली की बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण ती खिडकी बाहेरून चिकटवल्यासारखी वाटते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी त्याच मजल्यावरची शेजारची खिडकी. ती मोकळी नसेल तर बरोबर खालच्या मजल्यावरची. त्यानंतर वरची. दोन मजल्यांपलीकडे जाऊ नका. त्याच मजल्यावर तुकडा फार लांबून आणला तरी घोटाळा होतो. इमारतीच्या डाव्या टोकाच्या खिडकीत खाचेची डावी बाजू दिसते, उजव्या टोकाला उजवी. आडवा फ्लिप करून ही अडचण सुटेल असं वाटतं, पण फ्लिप केल्यावर उजेडाची दिशा उलटते आणि सरकत्या काचेचा पुढचा पल्लाही बाजू बदलतो. ऊन असलेल्या फोटोत फ्लिप करूच नका.

आपल्या इमारतीत पाचव्या मजल्यावरची डावीकडून दुसरी खिडकी झाकलेली आहे आणि तिसरी मोकळी आहे. म्हणजे तुकडा तिसरीचा.

सांधा कुठे द्यायचा

खिडकीच्या चौकटीलगत कापायचा मोह होतो. तसं करू नका. आपल्याकडे बाहेरच्या प्लास्टरमध्ये बहुतेक वेळा मजल्यागणिक ग्रूव्ह किंवा रंगाचा पट्टा असतो, आणि छज्जाची कड असतेच. तुकडा वर-खाली ग्रूव्हपासून ग्रूव्हपर्यंत आणि बाजूंना रंग बदलतो तिथपर्यंत घ्या. तिथे इमारतीला आधीच रेघ आहे, त्यामुळे तुमच्या सांध्याची रेघ तिच्यातच विरते. कोऱ्या भिंतीच्या मधोमध दिलेला सांधा कितीही मऊ केला तरी टेक्स्चर पेंटच्या दाण्यात धूसर पट्टा बनून उरतो.

पॉलिगोनल लॅसोने निवड करा, एक पिक्सेल फेदर द्या आणि `Ctrl+J` ने नव्या लेयरवर आणा. आता त्या लेयरचा ब्लेंड मोड Difference करा. चौकटीच्या जिथल्या रेषा खालच्या खिडकीशी जुळतील तिथे काळं दिसतं, जिथे चुकतील तिथे उजळ दुहेरी रेघ दिसते. बाणाच्या किल्ल्यांनी एकेक पिक्सेल सरकवत चौकटीची खालची पट्टी काळी करा. वरची पट्टी तरीही उजळ राहिली तर `Ctrl+T` घेऊन वरची कड दोन-तीन पिक्सेल हलवा. जुळलं की मोड पुन्हा Normal. डोळ्याने जुळवायला गेलात तर यालाच वीस मिनिटं लागतात.

मग उजेड. Info पॅनेल उघडा आणि आयड्रॉपरला 5 by 5 Average लावा. मूळ भिंतीवर, सांध्याच्या बाहेर, समजा 187, 177, 159 आलं आणि आणलेल्या तुकड्यावर 198, 186, 165. तुकडा उजळ आहे, आणि लाल रंगात फरक जास्त आहे. म्हणजे तो किंचित पिवळट-तांबूसही दिसतोय. Curves चा लेयर फक्त त्या तुकड्याला क्लिप करा आणि लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल वेगवेगळे खाली आणा. नुसता ब्राइटनेस कमी केला तर अंधार जुळतो, रंग जुळत नाही, आणि छापल्यावर तो चौकोन नेमका उठून दिसतो.

राहिला पडदा. शेजारची खिडकी आणली की तिचा पडदाही आला. शेजारी-शेजारी दोन खिडक्यांत तीच निळी फुलं आणि तीच घडी. एका पल्ल्याची काच तिसऱ्याच खिडकीतून आणा किंवा पडद्याच्या जागी गडद, रिकामी काच बसवा. आकाशाचं प्रतिबिंब मात्र त्याच मजल्याच्या काचेतलं असू द्या.

साध्या भिंतीवरचे आठ एसी

हे सोपे आहेत, पण इथेच घाई होते. निवड करताना युनिटबरोबर त्याच्याशी आलेलं सगळं धरा: अँगल, भिंतीत शिरणारी पांढऱ्या वेष्टणातली नळी, खाली लोंबणारी ड्रेनची पाइप, तिच्यामुळे भिंतीवर उतरलेला काळपट ओघळ आणि सावली. एसी गेला पण ओघळ तसाच राहिला, असं पुष्कळ ब्रोशरमध्ये दिसतं. कोऱ्या भिंतीच्या मध्यातून सुरू होणारा ओघळ कोणाच्याही नजरेत येतो.

चारही बाजूंना कोरी भिंत असेल तिथे `Edit > Content-Aware Fill` वापरा. हिरवा नमुना-भाग आपोआप येतो तसा ठेवू नका. खिडक्या, ग्रूव्ह आणि छज्जा त्यातून पुसून टाका आणि फक्त त्याच मजल्याची भिंत उरू द्या. नाहीतर भिंतीत अर्धी चौकट उगवते. Output To मध्ये New Layer निवडा.

युनिट खिडकीच्या चौकटीला किंवा छज्जाला टेकलेलं असेल तर हे साधन सोडा आणि क्लोन स्टॅम्प घ्या. तिथे हीलिंग ब्रशही चालत नाही. तो आजूबाजूच्या कडेचा रंग आत ओढून मिसळतो, त्यामुळे गडद ॲल्युमिनियमच्या शेजारी भिंतीवर राखाडी डाग पसरतो. क्लोन स्टॅम्पचं Sample हे Current & Below ठेवा, कडेजवळ Hardness 80 टक्क्यांच्या आसपास आणि मोकळ्या भिंतीवर 30. हीलिंग ब्रश शेवटी फक्त मधल्या भागातला रंगाचा चढउतार सारखा करायला घ्या.

आठही जागी एकाच कोपऱ्यातली भिंत वापरू नका. त्या भिंतीवरचा छोटासा डागही आठ वेळा येतो, आणि माणसाचा डोळा तो नमुना लगेच पकडतो. निदान तीन ठिकाणांहून भिंत घ्या.

डाउनटेक पाइप

पाइप 16 पिक्सेल रुंद, त्याचा क्लॅम्प आणखी थोडा बाहेर, शिवाय सावली. म्हणजे सुमारे 40 पिक्सेलचा पट्टा जाणार. पाइपच्या शेजारचा तेवढाच, म्हणजे 40 पिक्सेल रुंद मोकळ्या भिंतीचा पट्टा निवडा, एका मजल्याएवढा, ग्रूव्ह ते ग्रूव्ह. `Ctrl+J` करा आणि बरोबर आडवा सरकवा. पट्टा आडवाच सरकल्यामुळे ग्रूव्ह आपोआप जुळतात. सातही मजल्यांचा एकच लांब पट्टा घेऊ नका. भिंत वर आकाशामुळे उजळ आणि खाली झाडांमुळे मळकट असते, आणि मजल्यागणिक तुकडे असले तर प्रत्येकाचा उजेड वेगळा साधता येतो.

पट्टा घ्यायला बाजूला जागाच नसेल तर क्लोन स्टॅम्पने ओढा. भिंतीवर `Alt` धरून नमुना घ्या, पाइपवर वरच्या टोकाला एक क्लिक करा, मग `Shift` धरून खालच्या टोकाला दुसरी. मधली रेघ सरळ भरली जाते. हाताने ब्रश ओढलात की कड थरथरते.

पाइप छज्जातून आरपार जातो तिथे थांबा. छज्जावर पाइपभोवती सिमेंटचा गोल थर असतो, आणि छज्जाखाली जोडाचा टी. छज्जाची पुढची कड शेजारून आणताना तिच्यावरची उजेडाची पातळ रेघ तुटू देऊ नका. एक पिक्सेल वरखाली झाली तरी छज्जा मोडल्यासारखा दिसतो. इथे 200 टक्के झूम करा.

स्टिल्टमधली मीटरची पेटी

ही पेटी वेगळ्या प्रकारची आहे, कारण स्टिल्टची भिंत आत जाते आणि तिच्यावर टाइल्स आहेत. समोरचा दर्शनी भाग सरळ केला तरी ही भिंत तिरपीच राहते. नवा रिकामा लेयर बनवा आणि `Filter > Vanishing Point` उघडा. Create Plane ने टाइल्सच्या जोडांवर चार बिंदू द्या. चौकट जितकी मोठी तितका अंदाज बरोबर, म्हणून चार टाइल्सपेक्षा बारा टाइल्सचा चौकोन धरा. जाळी निळी झाली तर ठीक. पिवळी किंवा लाल झाली तर एखादा कोपरा चुकलाय, तो सरकवा. मग जाळीची कड ओढून ती पेटीवरून पलीकडे न्या आणि जाळी टाइल्सच्या रेघांना समांतर चालते का ते पाहा.

आतल्या Marquee Tool ने पेटीशेजारच्या मोकळ्या टाइल्स निवडा, जोडाच्या मधोमधपासून जोडाच्या मधोमधपर्यंत. Heal हे Off ठेवा. `Alt` धरून ती निवड पेटीवर ओढा. आकार आत जाताना आपोआप लहान होतो. पेटीतून वर जाणारा केबलचा ट्रे किंवा पाइप आणि जमिनीला टेकल्याची काळी सावली विसरू नका. शेवटी उजेड: स्टिल्टमध्ये आत जाईल तसा अंधार वाढतो, आणि बाहेरच्या बाजूच्या टाइल्स आत नेल्या की त्या दिव्यासारख्या उजळ दिसतात. Curves खाली आणा आणि त्याच्या मास्कवर ग्रेडियंट ओढा, आतल्या टोकाला पूर्ण परिणाम, बाहेरच्या टोकाला शून्य.

छपाईला पाठवण्याआधी

सगळ्यांच्या वर तात्पुरता Curves लेयर टाका आणि रेघेला दोन-तीन उलटसुलट लाटा द्या. रंग विचित्र होतात, पण भिंतीतले न जुळलेले चौकोन ढळढळीत दिसतात. दिसतील ते दुरुस्त करा आणि लेयर काढून टाका. मग फोटो तात्पुरता आडवा उलटा करून 25 टक्क्यांवर बघा. सवयीची नजर मोडली की तोच डाग तीनदा आलेला लगेच सापडतो.

तुकडे मूळ भिंतीपेक्षा गुळगुळीत वाटत असतील तर त्यांच्यावरच `Filter > Noise > Add Noise` मधून एक टक्का, Gaussian आणि Monochromatic लावा. एवढं झालं की लेयरसकट PSD ठेवून द्या, एक सपाट प्रत बनवा आणि त्या प्रतीचंच सीएमवायके करा, तेही छापखान्याने दिलेल्या प्रोफाइलवर. सीएमवायके झाल्यावर भिंतीचा फिकट क्रीम रंग पुन्हा एकदा तपासा. आरजीबीमध्ये न दिसलेला तुकडा इथे कधीकधी गुलाबीसर छटेने उघडा पडतो, आणि तसं झालं तर सपाट प्रतीवर डागडुजी न करता PSD मध्ये त्या तुकड्याच्या Curves कडेच परत जावं लागतं.